डिजिटल ऑप्शनची किंमत, आणि शेवटच्या तासात बिथरणारा डेल्टा

डिजिटल ऑप्शनचा, म्हणजे कॅश-ऑर-नथिंग कॉलचा करार एका वाक्यात मावतो. ठरलेल्या दिवशी निफ्टी २५,००० वर किंवा त्याच्या वर असेल तर एक कोटी रुपये मिळणार, अर्धा पॉइंट जरी खाली राहिला तर काही नाही. निफ्टी २५,००१ ला थांबला काय किंवा २६,००० ला गेला काय, रक्कम तीच.

भारतात हा ऑप्शन NSE वर सुटा मिळत नाही. तो सापडतो मार्केट-लिंक्ड डिबेंचरच्या पोटात. 'अंतिम तारखेला निफ्टी अमुक पातळीच्या वर असेल तर इतकं कूपन, नसेल तर फक्त मुद्दल' अशी अट वाचलीत, की समजा तो डिजिटल कॉल आहे आणि तो विकणाऱ्या संस्थेचं डेस्क त्याचं हेजिंग करत बसलेलं आहे. (वेबसाइटवर मिनिटामिनिटाला 'वर की खाली' खेळवणाऱ्या बायनरी ऑप्शनबद्दल मी इथे लिहीत नाही. किरकोळ ग्राहकांना ते विकायला युरोपात ESMA या नियामक संस्थेने २०१८ मध्ये आणि ब्रिटनमध्ये FCA या नियामक संस्थेने २०१९ मध्ये बंदी घातली, आणि ते योग्यच झालं.)

हा लेख विकणाऱ्या डेस्कच्या बाजूने आहे. ऑप्शनचं ब्लॅक-शोल्स आणि डेल्टा म्हणजे काय हे तुम्हाला ढोबळ माहीत आहे, पण डिजिटल कधी हाताळलेला नाही, असं धरून चालतो.

पायरी १ : करार नीट वाचा

किंमत काढण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहा: रक्कम, स्ट्राइक, तारीख, आणि निकाल कोणत्या भावावर लागणार. चौथी गोष्ट नवखे सोडून देतात. साध्या कॉलमध्ये बंद भाव दोन पॉइंटांनी इकडेतिकडे झाला तर तुमचं देणंही दोनच पॉइंटांनी बदलतं. डिजिटलमध्ये त्याच दोन पॉइंटांत अख्खा एक कोटी जातो किंवा वाचतो. '२५,००० च्या वर' आणि '२५,००० किंवा वर' यांतला फरकसुद्धा वकिलाकडून लिहून घ्यावा.

आपलं उदाहरण असं: एक कोटीचा डिजिटल कॉल, स्ट्राइक २५,०००, आज फ्युचरचा भाव नेमका २५,०००, एक्स्पायरीला २१ कामकाजाचे दिवस, व्होलॅटिलिटी १२ टक्के, व्याज ६.५ टक्के. वर्षाचे कामकाजाचे दिवस २५२ आणि रोजचे बाजाराचे तास सव्वासहा धरतो. निकाल सध्या एकाच क्षणाच्या भावावर लागतो असं मानू. सरासरीच्या भावाचं शेवटी बघू.

पायरी २ : किंमत काढा

ब्लॅक-शोल्समध्ये `N(d2)` म्हणजे ऑप्शन स्ट्राइकच्या वर संपण्याची शक्यता, अर्थात किंमत लावण्याच्या गणितातली शक्यता. डिजिटलची किंमत म्हणजे ती शक्यता गुणिले रक्कम, आणि रक्कम नंतर द्यायची असल्यामुळे तेवढी व्याजाची वजावट. फ्युचरवरून हिशेब केला की कोड असा होतो:

```python
from math import log, sqrt, exp
from statistics import NormalDist
n = NormalDist()

def digital(F, K, vol, T, r, Q):
    s = vol * sqrt(T)
    d2 = log(F / K) / s - s / 2
    df = exp(-r * T)
    price = Q * df * n.cdf(d2)
    delta = Q * df * n.pdf(d2) / (F * s)
    return price, delta

print(digital(25000, 25000, 0.12, 21/252, 0.065, 1e7))
```

उत्तर येतं सुमारे ४९.०४ लाख रुपये आणि डेल्टा सुमारे ४,५८० युनिट. भाव स्ट्राइकवरच आहे, तेव्हा निम्म्याच्या आसपास किंमत येणार हे मनानेही सांगता आलं असतं. डेल्टाचा अर्थ असा की विक्रेत्याने आज ४,५८० निफ्टी युनिटांएवढे फ्युचर विकत घेऊन ठेवायचे, म्हणजे जवळपास साडेअकरा कोटींची पोझिशन. एक कोटीच्या देण्यासाठी साडेअकरा कोटींचं कव्हर हे ऐकायला विचित्र वाटतं, पण इथवर सगळं आटोक्यात आहे.

पायरी ३ : स्क्यूची भर घाला, नाहीतर स्वस्तात विकाल

वरची किंमत एकाच व्होलॅटिलिटीवर काढलेली आहे. निफ्टीच्या ऑप्शनमध्ये खालच्या स्ट्राइकची व्होलॅटिलिटी जास्त आणि वरच्या स्ट्राइकची कमी असते. या उतारालाच स्क्यू म्हणतात. साध्या कॉलला याचा त्रास होत नाही, कारण तुम्ही त्याच स्ट्राइकची व्होलॅटिलिटी घालता आणि काम संपतं. डिजिटलला मात्र उताराचाच फरक पडतो.

कारण असं. डिजिटल म्हणजे दोन अगदी जवळच्या स्ट्राइकच्या कॉलमधला फरक: खालचा कॉल घ्या, वरचा विका, आणि दोघांमधल्या अंतराने रक्कम भागून तितकी युनिटं करा. खालच्या कॉलची व्होलॅटिलिटी जास्त असल्यामुळे तो महाग पडतो, वरचा स्वस्तात जातो, म्हणून जोडीची किंमत वाढते. सूत्रात हे असं दिसतं:

```
digital = Q * ( df * N(d2) - vega * dvol/dK )
```

समजा २४,९०० ची व्होलॅटिलिटी १२.२ टक्के आणि २५,१०० ची ११.८ आहे. म्हणजे दर पॉइंटला व्होलॅटिलिटी ०.००००२ ने उतरते. एका युनिट कॉलचा वेगा, म्हणजे व्होलॅटिलिटी बदलली की किंमत किती बदलते तो आकडा, इथे सुमारे २,८६४ आहे (व्होलॅटिलिटी ०.१२ अशी अपूर्णांकात धरून). गुणाकार ०.०५७, म्हणजे एक कोटीवर ५.७ लाख. खरी किंमत ४९ लाख नाही, पावणेपंचावन्न लाखांच्या घरात आहे. ज्या डेस्कने फक्त `N(d2)` वर भाव सांगितला, त्याने पहिल्याच दिवशी पावणेसहा लाख रुपये ग्राहकाला देऊन टाकले. पुढे हेजिंग कितीही चोख केलं तरी ते परत येत नाहीत.

पायरी ४ : डेल्टाचं वेळापत्रक आधीच मांडून बघा

हा या लेखाचा गाभा आहे. व्यवहार करण्याआधी, भाव नेमका स्ट्राइकवरच राहिला तर डेल्टा किती होत जाईल, हे वरचाच कोड `T` बदलून चालवून बघा:

- २१ दिवस बाकी: ४,५८० युनिट, ११.५ कोटी
- ५ दिवस: ९,४३० युनिट, २३.६ कोटी
- १ दिवस: २१,१०० युनिट, ५२.८ कोटी
- १ तास: ५२,८०० युनिट, १३२ कोटी
- १० मिनिटं: १,२९,३०० युनिट, ३२३ कोटी
- १ मिनिट: ४,०८,८०० युनिट, १,०२२ कोटी

देणं अजून एक कोटीच आहे. त्याच्यासाठी गणित तुम्हाला हजार कोटींचे फ्युचर घ्यायला सांगतं आहे.

हे कशामुळे होतं ते सूत्राच्या भागाकारात दिसतं. खाली `F * s` आहे, म्हणजे उरलेल्या वेळात निफ्टी साधारण किती पॉइंट हलू शकतो तो आकडा. महिनाभर बाकी असताना तो ८६६ पॉइंट होता, एक तास उरला तेव्हा ७६, दहा मिनिटांत ३१ आणि शेवटच्या मिनिटात १० पेक्षाही कमी. शून्यापासून एक कोटीपर्यंतची सगळी चढण तेवढ्याच पट्ट्यात कोंबली जाते, त्यामुळे पट्टा अरुंद झाला की चढ उभा होतो. वेळ एक चतुर्थांशावर आला की स्ट्राइकवरचा डेल्टा दुप्पट होतो, हे लक्षात ठेवलंत तर कॅल्क्युलेटरही लागत नाही.

पट्ट्याबाहेर मात्र काहीच नाही. दहा मिनिटं बाकी असताना निफ्टी २५,१०० वर असेल तर डेल्टा जेमतेम ७०० युनिटांचा. म्हणून डिजिटल पूर्ण आयुष्यभर धोकादायक नसतो. भाव स्ट्राइकपासून दूर राहून संपला तर ट्रेडरला शेवटचा दिवस कळतही नाही. धोका आहे तो भाव आणि वेळ यांच्या एका छोट्या कोपऱ्यात, आणि त्या कोपऱ्यात तो फार मोठा आहे.

पायरी ५ : दहा मिनिटं बाकी असतानाचा एक धक्का हिशेबात उतरवा

नुसता डेल्टा मोठा असणं हे संकट नाही. मोठा डेल्टा स्थिर असता तर मार्जिन भरून निभावलं असतं. तो स्थिर नसतो, त्यात खरी गोम आहे.

दहा मिनिटं बाकी आहेत, निफ्टी २५,००० वर आहे, तुमच्याकडे १,२९,३०० युनिट खरेदी करून ठेवलेले आहेत. निफ्टी एका झटक्यात २४,९७० झाला. फ्युचरवर तोटा सुमारे ३८.८ लाख. ऑप्शनची किंमत ५० लाखांवरून १६.५ लाखांवर आली, म्हणजे तुमचं देणं ३३.४ लाखांनी हलकं झालं. फरक पाच लाखांहून जास्त, तोही एका तीस-पॉइंटच्या हालचालीत, आणि कव्हर 'बरोबर' असताना. नवा डेल्टा आहे ८०,६०० युनिट, म्हणजे आता ४८,७०० युनिट विकायचे, सव्वाशे कोटींच्या आसपास, पडत्या बाजारात. विकून होईस्तोवर निफ्टी परत २५,००० ला आला, तर तेवढेच परत घ्यायचे, चढत्या भावात. आपल्याच ऑर्डरमुळे सरकणारा भाव, कर आणि ब्रोकरेज मिळून विकताना आणि घेताना दोन्ही वेळा युनिटमागे सहा-सहा रुपये धरले तर या एका फेरीचा खर्च पाच लाख ऐंशी हजारांच्या पुढे जातो. अख्ख्या ऑप्शनचा प्रीमियम पन्नास-पंचावन्न लाख होता.

आता वरच्या बाजूला काय होतं तेही बघा, कारण इथे डिजिटल साध्या कॉलपेक्षा वेगळा वागतो. निफ्टी २५,००० च्या खाली असताना भाव वर गेला की डेल्टा वाढतो, म्हणजे विक्रेत्याला महागात घ्यावं लागतं आणि स्वस्तात विकावं लागतं. स्ट्राइक ओलांडून वर गेलं की उलटं: भाव चढला की डेल्टा घटतो, विक्रेता चढत्या भावात विकतो. गॅमा, म्हणजे भाव हलला की डेल्टा किती बदलतो तो आकडा; त्याचं चिन्हच स्ट्राइकवर फिरतं, आणि त्याच्याबरोबर वेगाचंही. २४,९९५ आणि २५,००५ मध्ये दहा पॉइंटांचं अंतर आहे, पण त्या दोन भावांवर तुमच्या पुस्तकाची जोखीम एकमेकांच्या विरुद्ध दिशेची असते. 'मी शॉर्ट गॅमा आहे, व्होलॅटिलिटी थोडी विकत घेतो' अशी नेहमीची डागडुजी म्हणूनच चालत नाही. दुरुस्ती बाजारात पोचेपर्यंत जोखीम पलटलेली असते.

शेवटच्या मिनिटातला आकडा बघितला की डेल्टा हेजिंग कुठे सोडायचं ते कळतं. ४,०८,८०० युनिट हातात असताना निफ्टी तीस पॉइंट पडला, तर फ्युचरवरचा तोटा एक कोटी बावीस लाख. हेज केलाच नसता तर जास्तीत जास्त एक कोटी द्यावे लागले असते. म्हणजे कव्हर मूळ जोखमीपेक्षा मोठं झालं. डेल्टाचं गणित लहान लहान, सलग हालचालींसाठी आहे. जेव्हा बाजाराची एक साधी उडी पट्ट्याच्या रुंदीएवढी होते, तेव्हा त्या आकड्याला अर्थ उरत नाही. सरळ रेषेत चालणाऱ्या फ्युचरने उभी उडी कधीच साधता येत नाही, हेजिंग कितीही वेळा केलं तरी.

ओळखायची खूण सोपी आहे. रोज सकाळी, आणि शेवटच्या दिवशी दर अर्ध्या तासाने, `F * s` काढा. भाव आणि स्ट्राइकमधलं अंतर याच्या दुपटीपेक्षा कमी असेल तर तुम्ही कोपऱ्यात आहात. दुसरा आकडा: डेल्टा गुणिले बाजाराची एका मिनिटातली नेहमीची हालचाल. तो कराराच्या रकमेच्या चार-पाच टक्क्यांपुढे गेला की डेल्टाच्या मागे धावणं थांबवावं, असं माझं मत आहे. काही डेस्क याहून ढिली मर्यादा ठेवतात.

पायरी ६ : डिजिटलच्या जागी कॉल स्प्रेड बसवा

तिसऱ्या पायरीत डिजिटल म्हणजे दोन जवळचे कॉल असं म्हटलं होतं. तेच आता कामाला येतं. दोन स्ट्राइक अगदी जवळ घेण्याऐवजी मुद्दाम लांब घ्या. विक्रेता असाल तर दुसरा स्ट्राइक खालच्या बाजूला ठेवा: २४,७५० चा कॉल घ्या, २५,००० चा विका, ४०,००० युनिट. अंतर २५० पॉइंट, म्हणून २५,००० ला आणि त्याच्या वर हा स्प्रेड नेमका एक कोटी देतो. तुमचं देणं तिथे एक कोटीच आहे. २४,७५० च्या खाली दोन्हीकडे शून्य. आणि मधल्या पट्ट्यात तुम्हाला स्प्रेडचे पैसे मिळतात, द्यायचं मात्र काही नसतं. निफ्टी २४,९९० ला थांबला तर स्प्रेडचे ९६ लाख तुमचे. म्हणजे कुठल्याही भावाला कव्हर कमी पडत नाही.

याची किंमत मोजावी लागते. त्याच सपाट १२ टक्क्यांच्या हिशेबात हा स्प्रेड ५४.८ लाखांना पडतो, म्हणजे डिजिटलच्या ४९ लाखांपेक्षा पावणेसहा लाख जास्त. योगायोगाने हा आकडा स्क्यूच्या भरीएवढाच आला आहे, पण ती वेगळी आणि ही वेगळी. खऱ्या भावात दोन्ही लागतात. अंतर १०० पॉइंटांवर आणलंत तर जादा खर्च सव्वादोन लाखांच्या आसपास येतो, पण युनिट होतात एक लाख. रुंदी ठरवताना हाच सौदा आहे: अरुंद ठेवली तर ग्राहकाला चांगला भाव देता येतो, पण डेल्टाची कमाल मर्यादा वाढते. मी उलट्या बाजूने सुरुवात करतो. शेवटच्या तासात बाजार न हलवता मी किती युनिट उरकू शकतो? ते ४०,००० असेल तर एक कोटी भागिले ४०,०००, रुंदी २५० पॉइंट. भाव त्यानंतर.

स्प्रेड दोन प्रकारे वापरतात. पहिला, खरोखरच एक्सचेंजवर दोन्ही कॉल घ्यायचे-विकायचे आणि शेवटपर्यंत हात लावायचा नाही. (लॉटच्या पटीत बसवताना युनिट वरच्या बाजूला पूर्ण करा, खालच्या नको.) दुसरा, योग्य मुदतीचे ऑप्शन मिळत नसतील तर पुस्तकात डिजिटलऐवजी स्प्रेड नोंदवायचा आणि त्याचा डेल्टा हेज करायचा. तो डेल्टा ४०,००० च्या वर कधी जात नाही, शेवटच्या मिनिटातही नाही. तीस पॉइंट पडले तर फ्युचरवर बारा लाख जातात, आणि भाव मधल्या पट्ट्यात असेल तर स्प्रेडचं नोंदवलेलं देणंही बारा लाखांनीच कमी होतं. हिशेब जुळतो.

डिजिटल तुम्ही विकत घेतला असेल तर दुसरा स्ट्राइक वरच्या बाजूला जातो, २५,००० आणि २५,२५०. खरेदीदाराने स्वतःची किंमत कमीच धरावी, तेच तत्त्व.

पायरी ७ : निकालाचा भाव जुळतो का ते तपासा

NSE वर निर्देशांकाचा बंद भाव अनेक वर्षं घटक शेअरांच्या शेवटच्या अर्ध्या तासाच्या भारित सरासरीवरून काढला जात आला आहे, आणि निफ्टीचे ऑप्शन त्या बंद भावावर सेटल होतात. तुमचा डिजिटल एकाच क्षणाच्या भावावर लागत असेल आणि स्प्रेड सरासरीवर, तर दोघांत दहा-वीस पॉइंटांची तफावत सहज पडू शकते. क्षणाचा भाव २५,००४ आणि सरासरी २४,९८८ अशी संध्याकाळ झाली, तर तुम्ही एक कोटी देता आणि स्प्रेडवर ९५.२ लाख मिळवता. २५० पॉइंटांच्या स्प्रेडमुळे भगदाड पावणेपाच लाखांपुरतं राहिलं. १०० पॉइंटांचा असता तर बारा लाखांचं झालं असतं. रुंदीचा हा दुसरा उपयोग कराराच्या वाटाघाटीत कोणी बोलत नाही.

डिजिटलचा निकालही त्याच बंद भावावर लावला तर तफावत जाते, आणि आणखी एक गोष्ट साधते: शेवटच्या पाच मिनिटांत सरासरीचा पाच-षष्ठांश भाग आधीच ठरलेला असतो, त्यामुळे एकट्या शेवटच्या उडीला निकाल फिरवणं अवघड जातं. सरासरी नेमकी स्ट्राइकवर रेंगाळली तर डेल्टा तेव्हाही फुगतोच, पण तशी वेळ यायला जागा फार थोडी उरते. मात्र त्या अर्ध्या तासात तुमच्या मॉडेलने चालू भाव न वापरता आतापर्यंतची सरासरी आणि उरलेला वेळ दोन्ही धरायला हवेत. स्क्रीनवर निफ्टी २५,०४० दिसत असताना सरासरी २४,९८० असू शकते, आणि साधा कोड तेव्हा पूर्ण चुकीचा डेल्टा दाखवतो. म्हणून एक्स्पायरीच्या दिवशी सरासरीचा हिशेब ठेवणारी शीट आदल्या दिवशीच जुन्या भावांवर चालवून बघा, आणि स्प्रेडच्या मर्यादेपलीकडचा कुठलाही डेल्टा कोणाच्या परवानगीशिवाय बाजारात जाणार नाही, हे ऑर्डर सिस्टिममध्ये आधीच घालून ठेवा.